घरकर्जाचं व्याज, मुद्दल आणि बँकेचा एक कागद

मी बेळगावात बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. डिसेंबर-जानेवारी आला की टेबलासमोर रांग लागायची. हातात पासबुक, तोंडी एकच वाक्य: "साहेब, टॅक्सला लावायचा कागद द्या." नेमका कोणता कागद, हे मात्र दहातल्या दोघांनाही सांगता यायचं नाही. निवृत्तीनंतर रांग गेली, पण प्रश्न घरी यायला लागला. मागच्या डिसेंबरात पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, ऑफिसनं माझा होम लोनचा पुरावा परत पाठवला. बँकेचं स्टेटमेंट जोडलं होतं की मी!"

स्टेटमेंट म्हणजे दाखला नव्हे, इथूनच बोलणं सुरू झालं. त्याचंच उदाहरण घेऊन सगळं सांगतो. आपल्याकडच्या शंभर घरांत असते तशीच त्याची गोष्ट आहे: नोकरी पुण्याला, भाड्याचं घर पुण्याला, आणि अनगोळात कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्ये ताई-भावोजी राहतात. हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा आहे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. त्याचं विवरणपत्र ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचं.

सीमाभागातला नेहमीचा प्रश्न आधी मिटवतो. घर कर्नाटकात, पगार महाराष्ट्रात, बँकेची शाखा कुठेतरी तिसरीकडे, यात काही अडत नाही. प्राप्तिकर केंद्राचा आहे. चंदगडच्या शाखेतून कर्ज काढून खानापुरात घर बांधलं तरी नियम तेच.

हप्ता एक, खाती दोन

महिन्याला खात्यातून जी रक्कम जाते ती आपल्याला एकच दिसते. कायद्याला तिचे दोन तुकडे दिसतात.

व्याजाचा तुकडा जातो कलम २४(ब) मध्ये. स्वतः राहायच्या घरासाठी वर्षाला २ लाखांपर्यंत व्याज उत्पन्नातून वजा होतं. मुद्दलाचा तुकडा जातो कलम ८०सी मध्ये. तिथली मर्यादा दीड लाख, आणि त्याच दीड लाखात प्रॉव्हिडंट फंड, एलआयसी, मुलांची ट्युशन फी असे बाकीचेही वाटेकरी असतात. पगारदाराचा पीएफच या दीड लाखाचा मोठा भाग खातो, म्हणून मुद्दलाचा प्रत्यक्ष फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमीच निघतो. खरा आकडा असतो व्याजाचा.

दोन्हींत आणखी एक फरक आहे. तो बँकेतल्या लोकांनाही पटकन सांगता येत नाही. व्याज त्या वर्षाचं 'देय' झालं की ते धरलं जातं, मग हप्ता भरायला थोडा उशीर झाला तरी. मुद्दल मात्र प्रत्यक्ष भरलं असेल तरच. मार्चचा हप्ता बाउन्स होऊन एप्रिलमध्ये भरला, तर त्यातलं मार्चचं व्याज या वर्षात येतं आणि मुद्दल पुढच्या वर्षात जातं. हप्ता चुकल्याचा दंड मात्र व्याजात घालायचा नाही.

भाडं न घेता आई-वडील राहतात ते घर 'स्वतः राहायचं' ठरतं का, असं भाच्यानं विचारलं. ठरतं. मालक नोकरीमुळे किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणानं तिथं राहू शकत नसला, आणि त्या घरातून भाडं किंवा दुसरा लाभ घेत नसला, तर घराचं वार्षिक मूल्य, म्हणजे करासाठी मोजायचं भाड्याचं उत्पन्न, शून्य धरलं जातं. त्यामुळे पुण्याच्या घरभाड्यावरची सवलत आणि बेळगावच्या घरकर्जाचं व्याज, दोन्ही एकाच वर्षी घेता येतात. फार लोक यातली एक गोष्ट उगीच सोडून देतात.

आधी कोणती करप्रणाली, ते ठरवा

इथं बहुतेकांचा हिशेब उलटा होतो. कागद गोळा करतात, दाखला आणतात, आणि शेवटी कळतं की त्याचा उपयोगच नव्हता.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. तिच्यात दर कमी आहेत, पण स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि ८०सी पण नाही. भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज नव्या प्रणालीतही भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण त्यातून तोटा निघाला तर तो पगारातून कापता येत नाही. या दोन्ही वजावटी हव्या असतील तर जुनी प्रणाली निवडावी लागते. नुसत्या पगारावर असलेल्याला ही निवड दर वर्षी विवरणपत्रातच करता येते. एक अट आहे: विवरणपत्र मुदतीत भरलं पाहिजे. ३१ जुलै उलटली की जुन्या प्रणालीचं दार बंद, मग कपाट भरून दाखले असले तरी उपयोग नाही. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो आणि त्यांना दर वर्षी असं इकडून तिकडं जाता येत नाही.

वार्षिक पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी कर शून्यच होतो. उद्यमबागेत काम करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या पुष्कळ जणांना म्हणूनच वजावटीच्या मागे धावायची गरज उरलेली नाही. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं, कर्ज काढलंय तर काहीतरी मिळायलाच हवं. पण करच नसेल तर त्यातून वाचणार काय?

भाच्याचा पगार १८ लाख, म्हणून त्याचा हिशेब मांडून बघणं भाग होतं. तो खाली येतोच. त्याआधी तो हिशेब ज्या कागदावर उभा आहे तो बघू.

दाखला: कोणता, कधी, आणि त्यात काय बघायचं

बँकेतून घरकर्जाचे चार कागद मिळतात आणि चारही एकमेकांसारखे दिसतात. मंजुरीपत्र, म्हणजे कर्ज किती आणि कोणत्या दरानं दिलं. परतफेडीचं वेळापत्रक, म्हणजे वीस वर्षांत कोणत्या महिन्यात काय जाईल याचा अंदाज. खात्याचं स्टेटमेंट, म्हणजे प्रत्यक्ष जमा-खर्च. आणि चौथं, व्याज-मुद्दलाचं प्रमाणपत्र. त्यात एका आर्थिक वर्षात व्याज किती आणि मुद्दल किती हे बँक स्वतःच्या नावानं लिहून देते. करासाठी हवा असतो हा चौथा. २ लाखांची मर्यादा हवी असेल तर कर्ज देणाऱ्याकडून असं प्रमाणपत्र घेणं ही कायद्यातलीच अट आहे.

बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये हे 'इंटरेस्ट सर्टिफिकेट' नावानं कर्जाच्या विभागात सापडतं. आर्थिक वर्ष निवडलं की पीडीएफ उतरते. नाही सापडलं तर कर्ज जिथून घेतलं त्या शाखेत कर्ज खात्याचा क्रमांक देऊन अर्ज करायचा.

याच दाखल्याचे दोन प्रकार असतात आणि गोंधळ इथंच होतो. डिसेंबर-जानेवारीत मिळतो तो 'प्रोव्हिजनल'. त्यात तोवरचे खरे आकडे आणि मार्चपर्यंतच्या हप्त्यांचा अंदाज असतो. ऑफिस पगारातून कर कापतं, त्याला तो चालतो. ३१ मार्चनंतर मिळतो तो अंतिम. विवरणपत्रात जायचे ते आकडे फक्त अंतिम दाखल्यातले. २०२५ मध्ये हा फरक चांगलाच दिसला. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर एकूण सव्वा टक्क्यानं खाली आणला, आणि रेपोशी जोडलेल्या कर्जांचे दर मधेच बदलत राहिले. जानेवारीत काढलेल्या दाखल्यातलं व्याज आणि एप्रिलमधलं व्याज जुळलं नाही तर बँकेनं घोटाळा केला असं समजू नका. फेब्रुवारीत कुणी बोनसमधून लाखभर जादा भरला, तरी फेडलेलं मुद्दल वाढतं आणि अंदाज चुकतो.

दाखला हातात आला की पाच गोष्टी बघाव्या. आर्थिक वर्ष बरोबर आहे का? कॅलेंडर वर्षाचा दाखला काढणारेही मी पाहिलेत. दोन्ही कर्जदारांची नावं आहेत का, आणि ती पॅनवरच्या नावाशी जुळतात का? आपल्याकडे हा त्रास नेहमीचा. खरेदीखत कन्नडमध्ये, ई-खाता या मालमत्तेच्या उताऱ्यावर नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्या. घराचा पत्ता त्यात आहे का? व्याज आणि मुद्दल वेगवेगळं दाखवलंय का, की नुसती एकूण भरणा रक्कम आहे? आणि बँकेचा पॅन आहे का? ऑफिसला द्यायच्या फॉर्म १२बीबी मध्ये कर्ज देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पॅन तिन्ही लागतात. दाखल्यावर नसेल तर शाखेतून मागून घ्या.

एक गोष्ट मात्र दाखल्यावर सहसा सापडणार नाही: दोन मालकांपैकी कुणाचा हिस्सा किती. बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला बांधील असतात, त्यामुळे ती एकच बेरीज देते. ती कशी वाटायची हे आपल्या खरेदीखतावरून ठरतं.

फ्लॅट बांधून होण्याआधीचं व्याज

भाच्याला सगळ्यात नवी वाटलेली गोष्ट ही, आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त पैसा इथंच सुटतो.

त्यानं कर्ज घेतलं जून २०२३ मध्ये, ३० लाखांचं. बिल्डरला जसजसे टप्पे देत गेले तसतसं बँकेनं कर्ज सोडलं. तोवर पूर्ण हप्ता नव्हता, सोडलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज जायचं. बँका याला प्री-ईएमआय म्हणतात. फ्लॅट पूर्ण होऊन ताबा मिळाला डिसेंबर २०२५ मध्ये.

घर पूर्ण होईपर्यंत व्याजाची वजावट मिळत नाही. पण ते व्याज बुडतही नाही. कर्ज घेतल्यापासून घर पूर्ण झालं त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करायचं आणि त्याचे पाच समान भाग करायचे. घर पूर्ण झालं त्या वर्षापासून दर वर्षी एक भाग त्या वर्षाच्या व्याजात मिळवायचा. भाच्याच्या बाबतीत आधीची ३१ मार्च म्हणजे ३१ मार्च २०२५. २०२३-२४ चं व्याज ६८,००० आणि २०२४-२५ चं १,५२,०००, मिळून २,२०,०००. पाचवा भाग ४४,०००. तो २०२५-२६ पासून २०२९-३० पर्यंत दर वर्षी मिळवायचा.

एप्रिल ते डिसेंबर २०२५ या महिन्यांत घर अजून पूर्ण नव्हतं, मग तेवढ्या महिन्यांचं व्याज वेगळं काढायचं का? नाही. ज्या वर्षी घर पूर्ण झालं त्या वर्षाचं व्याज पूर्णच धरतात, १ एप्रिलपासून.

म्हणून गेल्या प्रत्येक वर्षाचा दाखला वेगळा काढून ठेवायचा. भाच्यानं प्री-ईएमआयच्या दोन वर्षांचे दाखले काढलेलेच नव्हते, कारण "तेव्हा टॅक्सला लागत नव्हते ना मामा." पाच वर्षं ४४,००० सांगत राहायचं तर मूळ २,२०,००० चा पुरावा पाचही वर्षं हाताशी लागतो. जुन्या वर्षांचे दाखले बँक मागून देते, पण मधे कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं असेल तर जुन्या बँकेचा पाठपुरावा करता करता चप्पल झिजते.

मुद्दलाला ही सोय नाही. बांधकाम चालू असताना कुणी मुद्दल फेडलं तर त्याचे असे पाच भाग पुढे नेता येत नाहीत.

घर कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत पूर्ण व्हायला हवं. नाही झालं तर २ लाखांची मर्यादा थेट ३०,००० वर येते. भाच्यासाठी ती मुदत ३१ मार्च २०२९ होती, म्हणजे अडचण नव्हती. पण गावाकडं स्वतः घर बांधणारे पैसे येतील तसं दोन-दोन वर्षं काम थांबवतात, त्यांनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून शहरात महापालिकेचं कम्प्लिशन सर्टिफिकेट किंवा बिल्डरचं ताबापत्र लागतं. कंग्राळीसारख्या गावात घर असेल तर ग्रामपंचायतीकडून मिळालेले कागद जपा.

भाच्याचा हिशेब

२०२५-२६ चं व्याज असं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून दर पूर्ण वर्ष ८.५ टक्के धरलाय, प्रत्यक्षात तो मधे कमी झाला. एप्रिल ते नोव्हेंबर २२ लाख सुटलेले होते, त्यावर आठ महिन्यांचं व्याज १,२४,६६७. नोव्हेंबरअखेर उरलेले ८ लाख सुटले आणि डिसेंबरपासून २६,०३५ चा हप्ता सुरू झाला, वीस वर्षांसाठी. चार हप्त्यांचे १,०४,१४० भरले गेले. त्यात व्याज ८४,७९६ आणि मुद्दल फक्त १९,३४४. हे पाहून भाचा गप्प झाला. चार महिन्यांत लाखावर भरले आणि कर्ज उतरलं साडेएकोणीस हजारांनीसुद्धा नाही. सुरुवातीची वर्षं अशीच जातात.

अंतिम दाखल्यात म्हणून व्याज २,०९,४६३ आणि मुद्दल १९,३४४ येईल. व्याजात ४४,००० मिळवले की २,५३,४६३.

फ्लॅट त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या सुनेच्या, नावावर निम्मा-निम्मा आहे, कर्जातही दोघं आहेत. दोघंही मालक आणि दोघंही कर्जदार असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र २ लाखांची मर्यादा मिळते. नुसता सहकर्जदार असून खरेदीखतात नाव नसेल तर काही मिळत नाही. नुसता मालक असून कर्जात नसेल, तरी नाही. वडिलांच्या नावावरच्या प्लॉटवर मुलानं कर्ज काढून घर बांधायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. तसं करायच्या आधी मालकीचे कागद कसे करायचे हे कर सल्लागाराला विचारा, घर बांधून झाल्यावर नको.

भाच्याचा निम्मा वाटा १,२६,७३१. आता दोन्ही प्रणाली शेजारी ठेवू.

नव्या प्रणालीत १८ लाखांतून ७५,००० प्रमाणित वजावट गेली की १७,२५,००० उरतात. कर आणि ४ टक्के सेस मिळून १,५०,८००.

जुन्या प्रणालीत आधी पुण्याच्या घरभाड्याची सूट येते. त्याचं मूळ वेतन ८ लाख, भाडं महिन्याला २८,०००. सूट निघते २,५६,०००. मग ५०,००० प्रमाणित वजावट आणि २,५०० व्यवसाय कर जातो, उरले १४,९१,५००. यातून व्याजाचे १,२६,७३१ गेले. ८०सीचे पूर्ण दीड लाख गेले: पीएफचे ९६,०००, मुद्दलाच्या निम्म्या वाट्याचे ९,६७२, आणि उरलेली जागा मुद्रांक शुल्क व नोंदणी फीनं भरली. नोंदणी याच वर्षी झाली होती, दोघांच्या मिळून साधारण २ लाखांच्या पावत्या आहेत. हा खर्च फक्त भरला त्याच वर्षी धरता येतो, पुढच्या वर्षी नाही. पावत्या उपनोंदणी कार्यालयातून आल्या की बाजूला काढा. शिवाय एनपीएस या पेन्शन योजनेचे ५०,००० आणि आरोग्य विम्याचे ७५,०००, ज्यात ज्येष्ठ आई-वडिलांचे ५०,००० आले. शेवटी उरलं १०,८९,७६९. कर आणि सेस मिळून सुमारे १,४५,०००.

म्हणजे जुन्या प्रणालीत वाचले सुमारे ५,८००. व्याजाची वजावट काढून टाकली तर जुनी प्रणाली उलट ३३,७०० नं महाग पडते. इतक्या सगळ्या गोष्टींत तराजू झुकवतं ते हे व्याज.

आणि आता जे भाच्याला आवडलं नाही ते. सून शिक्षिका आहे, तिचा पगार सात लाखांच्या आत. नव्या प्रणालीत तिला कर शून्य. तिच्या वाट्याचं सव्वा लाखावर व्याज कुणाच्याच उपयोगी पडत नाही. फ्लॅट एकट्या भाच्याच्या नावावर असता, तर त्यानं २ लाख घेतले असते, वरचे ५३,४६३ वाया गेले असते, तरी कर सुमारे १,२२,१०० आला असता. म्हणजे जवळजवळ २३,००० आणखी वाचले असते. "दोघांच्या नावावर घ्या, वजावट दुप्पट" हे जिथं तिथं ऐकायला मिळतं, ते दोघंही जुन्या प्रणालीत कर भरत असतील तेव्हाच खरं. सुनेचं नाव घरावर असावंच, असं माझं मत. फक्त ते करासाठी घातलंय असं मनाला सांगू नका. हिस्सा सत्तर-तीस असा कराराच्या वेळीच लिहिता आला असता. नंतर बदलायचं तर पुन्हा मुद्रांक आणि नोंदणीचा प्रश्न येतो.

पुढच्या वर्षी पूर्ण बारा हप्ते असतील, म्हणून भाच्याच्या निम्म्या वाट्याचं व्याज सुमारे १,४७,५०० पर्यंत जाईल. पण तेव्हा मुद्रांक शुल्क नसेल, पगारही बदललेला असेल. हिशेब दर एप्रिलला नव्यानं करावा लागतो.

कागद कुठं आणि कधी द्यायचे

एप्रिलमध्ये ऑफिसला जुनी प्रणाली हवी असं कळवायचं, नाहीतर ते नव्या प्रणालीप्रमाणे कर कापतात. कळवायचं राहिलं तरी विवरणपत्रात जुनी निवडता येते, जादा कापलेला कर परताव्यानं मिळतो. डिसेंबर-जानेवारीत फॉर्म १२बीबी, प्रोव्हिजनल दाखला, ताबापत्र, आणि संयुक्त मालकी असेल तर हिश्श्याचं साधं निवेदन द्यायचं. खरेदीखत कन्नडमध्ये असेल तर सोबत एका पानावर त्याचा सारांश इंग्रजीत किंवा मराठीत लिहून द्या. पुण्यातल्या पगार विभागातल्या माणसाला कन्नड वाचता यावं, ही अपेक्षा धरू नये.

एप्रिलनंतर अंतिम दाखला काढायचा. विवरणपत्राच्या फॉर्ममध्ये आता व्याजासाठी वेगळा तक्ता असतो: कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, ३१ मार्चला शिल्लक आणि व्याज. यातले बरेच तपशील दाखल्यावर असतात, मंजुरीची तारीख मंजुरीपत्रात मिळते. दाखला विवरणपत्राला जोडायचा नसतो, पण नोटीस आली तर पहिल्यांदा तोच मागतात.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झालाय, त्यामुळे २०२६-२७ पासून कलमांचे क्रमांक बदलतील. २०२५-२६ च्या विवरणपत्रात मात्र २४(ब) आणि ८०सी हेच शब्द राहतील.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर

आपल्या भागात सहकारी बँका, पतसंस्था आणि सौहार्द संस्था गल्लोगल्ली आहेत आणि घरासाठीची कर्जं त्यांच्याकडूनही घेतली जातात. व्याजाच्या वजावटीला कर्ज कुणाकडून घेतलं याचं बंधन नाही. पतसंस्था असो, नातेवाईक असो, व्याज घरासाठीच्या कर्जाचं असलं आणि कर्ज देणाऱ्यानं प्रमाणपत्र दिलं की चालतं. मुद्दलाला मात्र बंधन आहे. ८०सी मध्ये बँक, सहकारी बँक, एलआयसी, गृहवित्त कंपन्या अशी यादी ठरलेली आहे. सहकारी संस्था घरबांधणीला वित्त पुरवण्याचं काम करणारी असेल तरच त्यात बसते. पिग्मी गोळा करून सगळ्या प्रकारची कर्जं देणाऱ्या साध्या पतसंस्थेचं मुद्दल ८०सी मध्ये टाकण्याआधी विचार करा. नातेवाइकाकडून घेतलेल्या पैशाचं मुद्दल तर नाहीच. नुसत्या प्लॉटसाठी काढलेल्या कर्जावर घर उभं राहिल्याशिवाय काही मिळत नाही.

शेवटी भाच्यानं विचारलं, "मामा, तीन-चार वर्षांनी हा फ्लॅट विकून मोठा घेतला तर?" ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांच्या आत, म्हणजे त्याच्या बाबतीत ३१ मार्च २०३१ च्या आत विकला, तर मुद्दल आणि मुद्रांक शुल्कापोटी ८०सी मध्ये घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षात उत्पन्न म्हणून परत जोडली जाते. व्याजाची वजावट परत मागत नाहीत. "मग आपल्या वाट्याचं मुद्दल तर थोडंच आहे," तो म्हणाला. आहे थोडंच, पण मुद्रांक शुल्काचे चव्वेचाळीस हजारही त्यात आहेत. त्यानं ते वेगळ्या वहीत लिहून घेतलं.